यादीतल्या लांबच्या माणसासाठी

नोकरी सोडताना कंपनी आपल्याकडून बरंच काही मागून घेते. आधी राजीनामा. मग महिनाभराची, कुठे दोन किंवा तीन महिन्यांची नोटीस. त्या मुदतीत आपल्या जागी येणाऱ्याला काम समजावून द्यायचं, लॅपटॉप आणि ओळखपत्र परत करायचं, चार विभागांच्या सह्या घेऊन ‘नो ड्यूज’चा कागद पूर्ण करायचा, एचआरसमोर बसून ‘का सोडता’ या प्रश्नाचं सभ्य उत्तर द्यायचं. या सगळ्याला नमुने आहेत, मुदती आहेत. एकच गोष्ट अशी की जी कुणी मागत नाही आणि तरी जवळजवळ प्रत्येक जण करतो. ती म्हणजे शेवटच्या दिवशी सहकाऱ्यांना पाठवायचा निरोपाचा ईमेल. त्याला नमुना नाही, म्हणून तो दोन टोकांना जातो. एक तर कुठून तरी उचललेली चार गुळगुळीत वाक्यं, ज्यात ‘संमिश्र भावना’ आणि ‘अविस्मरणीय प्रवास’ हटकून असतात. नाही तर मग समारंभात करायचं राहून गेलेलं भाषण, पानभर, नावानिशी आणि किस्स्यांसह. माझं म्हणणं असं की या दोन्ही चुका एकाच ठिकाणी होतात. हे पत्र कोण वाचणार आहे, हे लिहिणाऱ्याने नीट ठरवलेलं नसतं. ते ठरवलं की किती लिहायचं, काय गाळायचं, कधी पाठवायचं, हे बहुतेक आपोआप सुटतं.

असा ईमेल सहसा एखाद्या मोठ्या यादीला जातो. विभागाला, प्लँटला किंवा शाखेला. यादीत समजा दोनशे नावं असतील, तर त्यांतल्या दहा-बारा जणांशी आपलं रोजचं बोलणं असतं. डबा एकत्र, चहा एकत्र, साहेबांबद्दलच्या तक्रारी एकत्र. आणखी तीस-चाळीस जणांशी आठवड्या-पंधरवड्याने काम पडतं. उरलेल्यांना आपण फक्त एक नाव म्हणून माहीत असतो: मंजुरीच्या साखळीत मधे येणारं, मीटिंगच्या कॉलवर एका चौकोनात दिसणारं. आता गंमत अशी, की पत्र लिहिताना डोळ्यांसमोर येतात ते पहिले दहा-बारा जण. पण त्यांना या पत्राची गरज सगळ्यात कमी असते. आपण जाणार हे त्यांना राजीनाम्याच्या आधीच कळलेलं असतं, केक त्यांनीच आणलेला असतो, आपला फोन नंबर त्यांच्याकडे असतोच. पत्रातून त्यांना नवीन काही कळत नाही. ज्यांना कळतं ते उरलेले दीडशे. त्यांच्यापर्यंत ही बातमी दुसऱ्या कुठल्याही वाटेने पोहोचणार नसते, किंवा पोहोचेल ती तीन आठवड्यांनी, आपल्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आल्यावर. म्हणून माझा नियम साधा आहे: निरोपाचं पत्र यादीतल्या सगळ्यात लांबच्या माणसाला समजेल आणि उपयोगी पडेल असं लिहावं. जवळच्यांना ते खटकत नाही. जवळच्यांसाठी लिहिलेलं मात्र लांबच्यांना परकं करतं.

लांबच्या माणसाला एवढं महत्त्व कशाला, असं कुणी विचारेल. याचं एक उत्तर अर्ध्या शतकापूर्वीच्या एका अभ्यासात आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन या गावात नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या लोकांना विचारलं, की ही नोकरी तुम्हाला कुणाकडून कळली. ज्यांना ती ओळखीतून कळली होती, त्यांच्यापैकी साधारण 17 टक्के लोकांची त्या माणसाशी वरचेवर भेट होत असे. 56 टक्क्यांची अधूनमधून, आणि 28 टक्क्यांची क्वचितच. म्हणजे पाचांतल्या चारांहून अधिकांना उपयोगी पडला तो जवळचा मित्र नव्हताच. कारण उघड आहे: जवळच्या माणसाला जे ठाऊक ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं, लांबचा दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणतो. हा नमुना लहान होता, आकडे जेमतेम पन्नासेक माणसांचे होते, आणि सगळे पांढरपेशे. त्यामुळे टक्केवारी चाकणच्या कारखान्याला किंवा बंगळुरूच्या आयटी कंपनीला जशीच्या तशी लावू नये. पण 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि त्याचाही कल त्याच दिशेचा निघाला. फक्त अगदीच पुसट ओळखींपेक्षा मध्यम लांबीच्या ओळखी जास्त कामाच्या ठरल्या. निरोपाच्या पत्राकडे नोकरी शोधायचं साधन म्हणून बघा, असं मी म्हणत नाही. तसं बघून लिहिलेलं पत्र लगेच ओळखू येतं. मला एवढंच दाखवायचंय की ज्या ओळखी तुटायला सगळ्यात सोप्या, त्या फुकट नसतात. आणि त्या टिकवायला लागतो फक्त एक चालू पत्ता.

आता लांबी. याचं एक ठळक उदाहरण सर्वांसमोर आहे. 24 ऑगस्ट 2011 रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी ॲपलच्या मुख्याधिकारीपदाचा राजीनामा दिला, तो संचालक मंडळाला आणि ‘ॲपल समुदाया’ला उद्देशून लिहिलेल्या एका पत्राने. कंपनी त्यांनी 1976 मध्ये मित्राबरोबर उभी केली होती, मधे ती सोडावी लागली, परत येऊन ती पुन्हा उभी केली होती. सांगण्यासारखं काय कमी होतं? पण पत्र दीडशे शब्दांच्या आसपास आहे. पद सोडतोय, पुढे कोणत्या भूमिकेत राहायला आवडेल, माझ्या जागी टिम कुक यांना नेमावं, कंपनीचे चांगले दिवस पुढे आहेत, इथे मला जिवाभावाचे मित्र मिळाले, आभार. संपलं. आयफोनचा उल्लेख नाही, गॅरेजचा नाही, आजाराचं वर्णन नाही. ते एका मोठ्या पदाचं पत्र होतं आणि आपली पदं तेवढी नसतात, हे खरं. पण त्याचा एक अर्थ असाही होतो, की पस्तीस वर्षांच्या आणि एवढ्या उलथापालथीच्या हिशेबाला दीडशे शब्द पुरत असतील, तर आपल्याला शंभर पुरायला हरकत नसावी.

प्रत्यक्ष कापाकापी कशी करायची, ते एक कल्पित उदाहरण घेऊन पाहू. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. तिथल्या खरेदी विभागात नऊ वर्षं कास्टिंगची खरेदी सांभाळलेल्या बाई आज नोकरी सोडतायत. त्यांचा पहिला मसुदा चारशे शब्दांचा झालाय. सुरुवातीला रुजू होण्याची तारीख, मुलाखत कुणी घेतली आणि पहिल्या दिवशी किती धाकधूक होती. मग चौदा जणांची नावं घेऊन आभार. मग ‘तो बुधवारचा ट्रक आठवतोय ना?’ असं विचारून तीन उद्गारचिन्हं. मग आयुष्य म्हणजे एक प्रवास असतो, स्टेशनं येतात, माणसं चढतात-उतरतात. मग कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर क्षमा. आणि सगळ्यात खाली, कंपनीच्या लोगोच्या चित्रात गुंडाळलेल्या सहीमध्ये, कंपनीनेच दिलेला फोन नंबर, जो संध्याकाळी परत करायचा आहे.

यातला रुजू होण्याचा परिच्छेद सर्वांत आधी जातो, कारण तो फक्त लिहिणाऱ्याला हवा असतो. आपण मनात मागे जातो तेव्हा तिथूनच सुरुवात करतो, पण वाचणाऱ्याला ‘नऊ वर्षं’ हे दोन शब्द पुरतात. नावांची यादी काढणं सगळ्यात जड जातं, पण तीच सगळ्यात घातक असते. चौदा नावं घेतली की पंधरावा स्वतःचं नाव शोधतो, ते सापडत नाही, आणि आभाराच्या पत्रातून त्याच्या वाट्याला नेमका उलटा निरोप येतो. शिवाय नावांचा क्रम लोक वाचतात. साहेबांचं नाव आधी का, स्टोअर्सचे शिंदेकाका सातवे का, यावर कँटीनमध्ये चर्चा होते. नावं काढली तर पत्र थंड पडेल, ही भीती मला मात्र खरी वाटत नाही. ऊब नावांतून येत नाही, नेमकेपणातून येते. बाईंना खरोखर कशाचे आभार मानायचेत? कास्टिंगची गाडी रात्री उशिरा गेटवर आली तरी स्टोअर्सने ती परत पाठवली नाही, उतरवून घेतली. आणि सकाळची पाळी सुरू व्हायच्या आत तपासणी विभागाने त्यातले नमुने पाहून माल मोकळा केला. खरेदीवाल्याच्या डोक्यावर कायम टांगलेली एकच तलवार असते: मालाअभावी लाइन थांबणं. ती लाइन ज्यांनी थांबू दिली नाही, त्यांचे हे आभार. हे वाक्य पेंट शॉपमधल्या ज्या माणसाने बाईंना कधी पाहिलेलंही नाही, त्यालाही कळतं. आणि रात्रपाळीला गाडी उतरवून घेणाऱ्याला नाव नसूनही कळतं, की हे माझ्याबद्दल आहे.

बुधवारचा ट्रक अर्थातच जातो. त्याच्याबद्दल थोडं पुढे. प्रवासाचं रूपक जातं, कारण ते कुणाच्याही पत्रात बसतं. क्षमायाचना काढावी की ठेवावी, यावर मतभेद होऊ शकतो. आपल्याकडे निरोप घेताना चूकभूल द्यावी-घ्यावी म्हणण्याची जुनी रीत आहे आणि तिच्यात एक नम्रता आहे. पण दोनशे जणांची एकत्र क्षमा मागणं म्हणजे कुणाचीच न मागणं. खरंच एखाद्याशी वाजलं असेल, तर त्याच्या टेबलाशी जाऊन दोन मिनिटं बोलावं. तसं काही नसेल, तर यादीतल्या लांबच्या माणसाला उगीच प्रश्न पडतो, की हिने कुणाला काय केलं होतं? हे सगळं काढल्यावर उरतं ते असं:

विषय: निरोप – (पूर्ण नाव), खरेदी विभाग

सर्वांना नमस्कार,

आज माझा इथला शेवटचा कामाचा दिवस. गेली नऊ वर्षं कास्टिंगची खरेदी पाहताना मोठा आधार होता तो याचा, की गाडी रात्री कितीही उशिरा आली तरी स्टोअर्सने ती उतरवून घेतली आणि सकाळच्या पाळीआधी तपासणी विभागाने माल पाहून दिला. त्याबद्दल, आणि तुम्हा सगळ्यांच्या सोबतीबद्दल, मनापासून आभार.

कास्टिंगच्या कामासाठी उद्यापासून खरेदी विभागाच्या सामाईक पत्त्यावर लिहावं. माझा स्वतःचा ईमेल आणि फोन खाली देत आहे. कधीही संपर्क केलात तर आनंद होईल.

सर्वांना शुभेच्छा.

साधारण सत्तर-ऐंशी शब्द. मोबाइलवर उघडलं तर बोट फारसं सरकवावं लागत नाही. दोन गोष्टी मुद्दाम ठेवल्या आहेत. विषयाच्या ओळीत पूर्ण नाव आणि विभाग आहे. दीड वर्षाने कुणाला या बाईंचा नंबर हवा असेल, तर तो जुन्या मेलमध्ये नाव टाकून शोधेल, आणि ‘अलविदा दोस्तों’ असा विषय असलेलं पत्र त्याच्या लक्षात राहिलेलं नसेल. आणि उद्यापासून काम कुठे पाठवायचं ही ओळ रूक्ष वाटली तरी माझ्या मते पत्रातली सगळ्यात सौजन्याची ओळ तीच आहे. आपण गेल्यावर कुणाची गैरसोय होऊ नये, एवढा विचार त्यात केलेला असतो. भाषेबद्दल एवढंच, की यादीची जी भाषा तीच पत्राची. चाकणच्या प्लँटमध्ये मराठी चालेल. पुण्याच्या एखाद्या आयटी कार्यालयात निम्मी टीम तमिळ किंवा बंगाली बोलणारी असेल तर इंग्रजीच बरी, आणि मराठी मंडळींना स्वतंत्र दोन ओळी.

थट्टेबद्दल सर्वांत जोराचा आक्षेप येतो. ‘मी ऑफिसात ओळखलो जातो तो विनोदासाठी, मग निरोपालाच मी सुतकी चेहरा करून लिहू का?’ सुतकी लिहू नये हे मान्य. पण लेखी विनोद आपल्याला वाटतो तितका पोहोचत नाही, याचा पुरावा आहे. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना उपरोधाची आणि साधी अशी दोन्ही प्रकारची वाक्यं दुसऱ्याला कळवायला सांगितली, काही वेळा ईमेलने आणि काही वेळा आवाजातून. समोरचा शंभरांतली 78 वाक्यं बरोबर ओळखेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता, आणि तो दोन्ही माध्यमांसाठी सारखाच होता. आवाजात ऐकणाऱ्यांनी 73 ओळखली. ईमेलवर 56, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडंसंच बरं. कारण असं, की आपलंच वाक्य वाचताना आपल्या कानात आपला स्वर वाजत असतो, दुसऱ्याला फक्त अक्षरं दिसतात. ज्याला निदान संदर्भ ठाऊक आहे त्याची ही गत, तर ‘बुधवारचा ट्रक’ म्हणजे काय हे ज्याला ठाऊकच नाही त्याचं काय? त्याच्यासमोर चार माणसं एकमेकांना डोळा मारतायत आणि तो बाजूला उभा आहे, एवढंच त्याला कळतं.

तरीही विनोद पूर्ण बाद होत नाही, आणि इथे माझा नियम उपयोगी पडतो. फेब्रुवारी 2013 मध्ये ग्रुपॉन या कंपनीच्या संस्थापकाला, अँड्र्यू मेसन यांना, मुख्याधिकारीपदावरून काढलं गेलं. त्यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात आधी वरिष्ठ नेहमी देतात तसं कुटुंबाला वेळ देण्याचं कारण दिलं आणि पुढच्याच वाक्यात सांगितलं की छे, मला आज काढून टाकलंय. हे पत्र त्यांनी स्वतःच जाहीर केलं, आणि ते त्या वेळी जगभर वाचलं गेलं. तो विनोद चालला, कारण त्यात कंपनीतलं कुठलंही गुपित लागत नव्हतं. मोठ्या पदावरून हटवलेला माणूस काय कारण सांगतो हे सगळ्यांनाच माहीत असतं, आणि हसणं स्वतःवर होतं. यादीतल्या लांबच्या माणसाला तो तितकाच कळला असता जितका शेजारच्या केबिनमधल्याला. असा विनोद सुचला तर जरूर ठेवावा. बहुतेकांना सुचतो तो दुसरा.

‘वर्षानुवर्षांच्या नात्याची पाच ओळींत बोळवण करणं कृतघ्नपणाचं नाही का?’ हा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्यात तथ्य आहे. काही माणसांचे खरंच पानभर आभार मानायचे असतात. माझं म्हणणं एवढंच की ते पान यादीला पाठवू नये; त्या माणसाला पाठवावं. अमित कुमार आणि वर उल्लेख आलेले एप्ली यांनी 2018 मध्ये कृतज्ञतेच्या पत्रांवर प्रयोग केले. लोकांनी आपल्या आयुष्यातल्या एखाद्या माणसाला आभाराचं पत्र लिहिलं आणि ते वाचून त्याला काय वाटेल याचा अंदाज बांधला. मग ज्यांना पत्रं मिळाली त्यांनाच विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्याहून मिळालेल्यांना जास्त आनंद झाला होता, जास्त आश्चर्य वाटलं होतं आणि अवघडलेपण मात्र कमी. शब्द नीट जमले आहेत की नाहीत याची लिहिणाऱ्याला फार काळजी होती. वाचणाऱ्याचं लक्ष मायेकडे होतं. निरोपाच्या पत्रासाठी यातून दोन गोष्टी निघतात. सुंदर वाक्यं घडवण्यात घालवलेला वेळ बराचसा वाया जातो. आणि आभार एका माणसाला उद्देशून असले की काम करतात. ज्या साहेबांनी पहिल्या वर्षी हात धरून काम शिकवलं त्यांना वेगळं पत्र लिहावं, त्यात बुधवारचा ट्रकही खुशाल येऊ द्यावा. असे चार-पाच मेल शेवटच्या आठवड्यात, सवडीने गेले, की सगळ्यांच्या पत्रावरचा भार आपोआप उतरतो. लांबलचक निरोपपत्रं बहुतेक वेळा न लिहिलेल्या पाच पत्रांची गोळाबेरीज असतात.

दुसरी बाजू सरकारी कचेऱ्या, बँका आणि शाळांची. तिथे निवृत्ती महिन्याच्या अखेरच्या दिवशी येते, आणि शाल, श्रीफळ, फोटो, सत्कार आणि भाषणं हे सगळं रीतसर होतं. तीस-पस्तीस वर्षं एकाच खात्यात काढलेल्या माणसाला बोलायचं असतं आणि लोकांना ऐकायचं असतं. त्या भाषणाला मी कुठेही नावं ठेवत नाही. सभागृहात आलेला माणूस वेळ काढून आलेला असतो, आवाज ऐकतो, चेहरा बघतो, डोळे भरून आले तर ते त्याला दिसतात. हेच भाषण ईमेलमध्ये ओतलं की यांतलं काहीच सोबत येत नाही, आणि वाचणारा त्या क्षणी कुठल्या तरी फायलीत गुंतलेला असतो. तेव्हा समारंभ असेल तर तो मनसोक्त व्हावा. तो झाला म्हणून पत्र लांबवायचं कारण उरत नाही, उलट आखूड करायला मोकळीक मिळते. एक गोष्ट मात्र समारंभही करत नाही आणि ईमेल तर मुळीच करत नाही: कार्यालयातल्या ज्या माणसांना ईमेलच नसतो त्यांच्यापर्यंत पोहोचणं. गेटवरचे सुरक्षारक्षक, कँटीनमधल्या मावशी, कंत्राटी सफाई कामगार, कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. दोनशे जणांच्या यादीत ते नाहीत. त्यांचा निरोप पायांनी जाऊनच घ्यावा लागतो, आणि त्यासाठी दुपार मोकळी ठेवावी लागते.

वेळेचा विचार बहुतेक जण करत नाहीत आणि तिथेच चांगलं पत्र वाया जातं. पुष्कळ कंपन्यांत शेवटच्या दिवशी संध्याकाळी ठरावीक वेळेला खातं आपोआप बंद होतं, आणि लॅपटॉप तर आयटीवाले त्याआधीच मागून घेतात. निघता निघता सहाला पत्र पाठवलं, तर त्याला आलेली उत्तरं वाचायला आपण तिथे नसतो. शुक्रवारी संध्याकाळी गेलेलं पत्र लोक सोमवारी उघडतात, उत्तर देतात आणि ते परत येतं. जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ सगळ्यात बरी: दिवस अजून शिल्लक असतो, ज्याला दोन मिनिटं टेबलाशी येऊन भेटायचं तो येऊ शकतो. खातं बंद होणार म्हणूनच स्वतःचा पत्ता पत्राच्या मजकुरात, साध्या अक्षरांत हवा. सहीतलं चित्र काही मोबाइलवर दिसतच नाही. यादी मोठी असेल तर ती ‘बीसीसी’मध्ये टाकावी, म्हणजे एकाच्या ‘ऑल द बेस्ट’ने दोनशे जणांचे इनबॉक्स वाजत नाहीत. हा त्रास जगभर इतका मोठा आहे, की मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये आपल्या ईमेल सेवेत त्यावर बंधारा घातला: पाच हजारांहून जास्त लोकांच्या धाग्यात तासाभरात दहा ‘रिप्लाय ऑल’ आले, की पुढचे काही तास अडवायचे. आपल्या दोनशेंच्या यादीला ते संरक्षण मिळत नाही. पुरवठादार आणि ग्राहक मात्र या यादीत कधीच नकोत. त्यांना वेगळं, वरिष्ठांना विचारून, नव्या माणसाचं नाव देऊन कळवायचं. आणि आठवण म्हणून सगळ्यांचे पत्ते स्वतःच्या जीमेलवर पाठवायचा मोह टाळावा. शेवटच्या दिवशी बाहेर जाणाऱ्या मेलवर कंपन्यांची नजर असते, आणि निरोपाच्या संध्याकाळी खुलासा देत बसावं लागलं तर काय शोभा?

शेवटी त्यांचं काय, ज्यांना जावं लागतंय, ज्यांनी सोडलेलं नाही? कपात झाली असेल, किंवा साहेबांशी पटलं नाही म्हणून निघावं लागलं असेल, तर गोड लिहिणं खोटं वाटतं आणि खरं लिहिणं महागात पडतं. इथेही लांबच्या माणसाचाच विचार करावा. आपला राग ज्याच्यावर आहे तो यादीतला एक, फार तर दोन. बाकीच्यांनी काही केलेलं नसतं, आणि त्यांतले काही स्वतःच पुढच्या यादीच्या धास्तीत असतात. तक्रार असेल तर ती एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये किंवा लेखी, योग्य ठिकाणी मांडावी. हिशेब, फॉर्म 16, पीएफ यांचा पाठपुरावा एचआरकडे स्वतंत्रपणे करावा. यादीला मात्र कारण सांगायची गरजच नसते. ‘आज माझा शेवटचा दिवस’ हे वाक्य काढून टाकलेल्यालाही लागू पडतं आणि सोडून जाणाऱ्यालाही. ज्याचे आभार मनापासून मानता येत नाहीत त्याचे मानू नयेत. कंपनीचं नाव न घेता फक्त माणसांचे मानावेत. कपातीत अनेकदा मीटिंग संपायच्या आत खातं बंद झालेलं असतं. मग तेच पत्र रात्री घरून, स्वतःच्या पत्त्यावरून किंवा ज्यांचे नंबर जवळ आहेत त्यांना व्हॉट्सॲपवर जाऊ शकतं. शब्द बदलावे लागत नाहीत. फक्त उद्यापासून काम कुठे पाठवायचं ती ओळ गाळायची, कारण ते सांगायची जबाबदारी आता कंपनीची असते.